दुकानात दिसतं, घरी दिसत नाही: डीव्हीआरचा घोळ

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या दुकानात फायबर आलं आणि मोबाईलवर सीसीटीव्ही कॅमेरे फक्त दुकानाच्या वायफायवरच दिसायला लागले. राउटरमध्ये WAN IP, म्हणजे राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता बघितला, तर 100.72 ने सुरू होणारा. म्हणजे पत्ता इंटरनेट कंपनीच्या सामायिक जाळ्यातला. बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून थेट डीव्हीआरकडे पाठवणारं पोर्ट फॉरवर्डिंग चालणारच नाही. मग कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत P2P, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणी, चालू केलं, Online दिसल्यावर ॲपमधून तिथलाच क्यूआर स्कॅन केला. घरून चित्र आलं!

मग राउटरमधलं जुनं पोर्ट फॉरवर्डिंग काढलं, आपोआप पोर्ट उघडणारं UPnP बंद केलं. कॅमेरेवाल्याने ठेवलेला admin चा पासवर्ड बदलला. पुतण्याला वेगळा युजर दिला, फक्त लाइव्ह बघण्यापुरता. रेकॉर्डिंग पुसायचा अधिकार त्याला कशाला?