बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवण्याआधी आणि उतरवताना: तयारीची यादी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं चालू खातं समोर घ्या. वर्षभराचं स्टेटमेंट, 34 पानं, सुताची पेमेंट, चाटी गल्लीतल्या दुकानांकडून आलेले युपीआय, बाहेरगावच्या पार्ट्यांचे आरटीजीएस. रकाने सात: तारीख, नॅरेशन, रेफरन्स नंबर, व्हॅल्यू डेट, नावे, जमा आणि शिल्लक. पीडीएफमधून कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट केलं की जमेची रक्कम नावे रकान्यात जाऊन बसते. कारण साधं आहे. पीडीएफमध्ये बहुधा टेबल नसतंच, पानावर कुठल्या जागी कुठला मजकूर छापायचा एवढीच नोंद असते. जमेच्या ओळीत नावेचा रकाना रिकामा असतो, म्हणजे तिथे काहीच छापलेलं नसतं. मग पुढची रक्कम एक घर डावीकडे सरकते. सगळी तयारी या एका गोष्टीभोवती आहे: रकान्यांच्या हद्दी प्रोग्रामला ओळखू द्यायच्या नाहीत, आपण मोजून द्यायच्या.

आधी फाइल तपासा. नॅरेशनच्या एखाद्या शब्दावर माउस ओढून तो सिलेक्ट होतो का पाहा. होत नसेल तर ते स्कॅन आहे, आणि खालचं काहीही त्याला लागू पडत नाही. स्कॅन वाचून आकडे काढण्याच्या फंदात पडण्यापेक्षा पार्टीला फोन करून नेट बँकिंगवरून डाउनलोड केलेली मूळ पीडीएफ मागवा. फाइल मिळाली की पासवर्ड काढलेली प्रत करून ठेवा. ऑनलाइन कन्व्हर्टरवर पार्टीचं स्टेटमेंट चढवू नका, त्यात त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव असतं. हे सगळं काम qpdf, pdftotext आणि टॅब्युला या प्रोग्रामनी आपल्याच कॉम्प्युटरवर होतं:

```
qpdf --password=पासवर्ड --decrypt statement.pdf khate.pdf
pdftotext -bbox -f 2 -l 2 khate.pdf khate.html
```

दुसऱ्या कमांडने दुसऱ्या पानावरच्या प्रत्येक शब्दाची जागा मिळते. xMin म्हणजे शब्दाची डावी कड, xMax म्हणजे उजवी कड, दोन्ही पॉइंटमध्ये. उभं ए-4 पान साधारण 595 पॉइंट रुंद असतं. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि कागदावर मापं उतरवून घ्या.

इथे घाई करू नका. रकमा उजवीकडे जुळवून छापलेल्या असतात. आपल्या उदाहरणात नावे रकान्यातल्या 450.00 ची डावी कड 422 वर आहे आणि 12,48,600.00 ची 400 वर, पण दोन्हींची उजवी कड 447. जमेची उजवी कड 512, शिल्लकेची 577. म्हणून हद्द शीर्षकाच्या शब्दावरून ठरवू नका. शीर्षक बऱ्याचदा मधोमध किंवा डावीकडे असतं, त्यावरून रेघ मारली तर लाखांतली रक्कम मधोमध कापली जाते. अलीकडच्या रकान्याची उजवी कड संपली की दोन-चार पॉइंट सोडून रेघ मारा. व्हॅल्यू डेट 390 वर संपते, म्हणून नावेच्या आधीची रेघ 394 वर. तिथून पुढे जमेच्या आधी 450 आणि शिल्लकेच्या आधी 515. रेघ मारण्यापूर्वी वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम कुठल्या पानावर आहे ते बघून त्या पानाचंही माप घ्या.

मग पीडीएफमधून टेबल काढणाऱ्या टॅब्युलाची कमांड. पहिल्या पानावर पार्टीचा पत्ता आणि खात्याची माहिती असल्याने टेबल खालून सुरू होतं, तेव्हा ते पान वेगळं चालवा. बाकीची एकत्र:

```
java -jar tabula.jar -t -p 2-34 -a 110,25,790,585 -c 72,274,349,394,450,515 -o khate.csv khate.pdf
```

-a मधले चार आकडे वर, डावीकडे, खाली, उजवीकडे या क्रमाने. ते असे घ्या की दर पानावरचं शीर्षक आणि तळाचा पान नंबर बाहेर राहील. स्टेटमेंटला आडव्या-उभ्या पूर्ण रेघा असतील तर -t ऐवजी -l वापरून पाहायला हरकत नाही. पण फक्त उभ्या रेघा असतील तर -l नको, आख्ख्या पानाच्या ओळी एका घरात गोळा होतात.

तयार झालेल्या सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. एक्सेल 15 आकड्यांपुढचे आकडे शून्य करून टाकतं आणि चेक नंबरच्या पुढची शून्यं गाळतं. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडा. आयात करताना रेफरन्सचा रकाना टेक्स्ट, तारखांचे रकाने दिवस-महिना-वर्ष असे सांगा. नाहीतर 05/04 ही 5 एप्रिलची तारीख 4 मे होऊन बसेल आणि ते डोळ्याला दिसणारही नाही.

आता ओळी. लांब नॅरेशन दोन-तीन ओळींत मोडलेलं असतं, आणि त्या खालच्या ओळींना तारीख नसते. तारीख आहे तिथे नवी नोंद, तारीख नाही ती ओळ वरच्या नोंदीची, हा नियम. मात्र काही बँका तारीख नॅरेशनच्या मधल्या ओळीसमोर छापतात. तिथे हा नियम चालवला तर एका पार्टीचं नाव दुसऱ्याच्या रकमेला चिकटतं, म्हणून आधी पीडीएफ नीट बघून घ्या. तारीख पहिल्या ओळीत असेल तर H रकान्यात हे सूत्र भरा आणि खालपर्यंत ओढा:

```
=B2&IF(A3="",H3,"")
```

जोडताना मध्ये जागा मुद्दाम सोडलेली नाही, कारण युटीआर नंबर बऱ्याचदा मध्येच तुटून खालच्या ओळीत गेलेला असतो. पान संपताना तुटलेली नोंदही याने जुळते, फक्त मध्ये शीर्षकाची एकही ओळ उरलेली नसावी. रेफरन्सही मोडलेला असेल तर तेच सूत्र C वर वापरा. मग H ची फक्त व्हॅल्यू पेस्ट करा आणि त्यानंतरच तारीख नसलेल्या ओळी काढा. क्रम उलटा झाला तर अर्धी नॅरेशनं गायब होतात.

रकमांमधले स्वल्पविराम काढा. कॅश क्रेडिट खातं असेल तर शिल्लकेपुढचं Dr काढून ती रक्कम उणे करा, Cr असेल तर नुसतं काढा. मग प्रत्येक ओळीला:

```
=ROUND(G2-E3+F3-G3,2)
```

उत्तर शून्यच यायला हवं. नाही आलं तर तो आकडा काय झालंय ते सांगतो. शिल्लक 2,40,000 होती, 18,500 जमा होऊन 2,58,500 झाली, आणि या ओळीत -37,000 दिसतंय. नेमकं दुप्पट, म्हणजे रक्कम जमेऐवजी नावे रकान्यात पडली. अशा ओळी अनेक असतील तर हाताने दुरुस्त करत बसू नका, 450 ची रेघ पुन्हा तपासा. फरक एका रकमेएवढाच असेल तर मधली नोंद गळालेली आहे, बहुतेक पानाच्या तळाशी, आणि -a मधला 790 वाढवायला हवा. स्टेटमेंट नवीन तारखेपासून जुन्याकडे छापलेलं असेल तर आधी ओळी उलट्या करा, नाहीतर सगळाच रकाना चुकीचा दिसेल.

नॅरेशन चुकीच्या नोंदीला जोडलं गेलं तर शिल्लक तरीही जुळते. त्यासाठी सीएसव्हीतून पाच-सहा नोंदी घ्या, त्यातल्या दोन पानांच्या सांध्यावरच्या असू द्या, आणि पीडीएफशी शब्दशः ताडून बघा. तारखांसाठी प्रत्येक तारीख आधीच्या तारखेपेक्षा लहान नाही ना, हे तपासा. शेवटच्या पानावर नावे आणि जमा नोंदींची संख्या छापलेली असेल, तर आपल्या E आणि F रकान्यांतल्या भरलेल्या घरांची संख्या तिच्याशी लावून घ्या आणि मगच फाइल टॅलीत घ्यायला द्या.