तळहातावरील ग्रहांचे उंचवटे : उठावदार की सपाट, हे कसे ठरवावे

उंचवटे ओळखणे सोपे आहे. त्यांची उंची ठरवणे मात्र अवघड आहे. हस्तसामुद्रिकाच्या बहुतेक तक्त्यांमध्ये ‘गुरू उंच असेल तर महत्त्वाकांक्षा, सपाट असेल तर तिचा अभाव’ अशा ओळी असतात, पण उंच म्हणजे कशापेक्षा उंच, हे कोणी सांगत नाही. हा लेख प्रामुख्याने त्याच प्रश्नाविषयी आहे.

प्रथम जागा पाहून घ्याव्यात. तर्जनीच्या मुळाशी गुरू, मध्यमेखाली शनी, अनामिकेखाली रवी आणि करंगळीखाली बुध. अंगठ्याच्या मुळाशी, आयुष्यरेषेने वेढलेला मोठा मांसल भाग शुक्राचा. त्याच्यासमोर, मनगटापासून वर येणाऱ्या करंगळीकडच्या कडेला चंद्र. मंगळ दोन ठिकाणी मानतात : एक गुरू आणि शुक्र यांच्यामध्ये आणि दुसरा बुध आणि चंद्र यांच्यामध्ये. तळहाताच्या मध्यभागी राहूची जागा धरणारी परंपराही आहे, परंतु तो भाग मुळातच खोलगट असल्याने उंचीच्या विचारात मी त्याला घेत नाही.

दुसरी पायरी हात ठेवण्याची. समोरच्या व्यक्तीने कोपर टेबलावर टेकवावे, तळवा वर करावा आणि बोटे जशी आपोआप किंचित वाकतात तशीच राहू द्यावीत. ‘हात पूर्ण उघडा’ असे कधीही सांगू नये. बोटे ताणली की तळव्याच्या कातडीखालचा चिवट पडदा ताणला जातो आणि उठावदार हातही फळीसारखा दिसू लागतो. उलट बोटे जास्त वाकवली की मुळाशी असलेली गादी दाबून वर येते आणि सपाट हातावरही चार टेकड्या उभ्या राहतात. ताणलेल्या पंजाच्या छायाचित्रावरून उंचवट्यांचे निदान करणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

आता उंचीकडे येऊ. मला स्वतःला हीच पायरी सर्वांत जड गेली आणि नवशिक्यांचे हातही इथेच चुकीचे वाचले जातात.

सर्वप्रथम प्रकाश बदलावा. डोक्यावरच्या दिव्याखाली तळहात नेहमी सपाट दिसतो. दिवा किंवा टॉर्च हाताच्या पातळीवर आणून बाजूने, अगदी आडवा प्रकाश टाकावा. आधी अंगठ्याकडून, मग मनगटाकडून. उंच भागाची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते, तर खोलगट भागात सावली दिव्याकडच्या कडेला साचते. एवढा एक नियम लक्षात ठेवला तर निम्मा गोंधळ संपतो, कारण नुसत्या नजरेला खळगा आणि उंचवटा यांत पुष्कळदा फरक करता येत नाही. सावली कुठे संपते हेही पाहावे. खऱ्या उंचवट्याची सावली हळूहळू विरत जाते. ती एकाएकी, रेघ ओढल्यासारखी तुटत असेल तर तिथे बहुधा घट्टा आहे.

त्यानंतर तुलना कशाशी करायची, हे ठरवावे. तळहाताच्या मध्याशी तुलना करणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीचा मार्ग आहे. मध्यभाग प्रत्येकाचाच खोल असतो, त्यामुळे त्याच्यापुढे सगळे ग्रह उंच ठरतात आणि वाचणारा खुशाल सगळे गुण एकाच माणसाला देऊन मोकळा होतो. बोटांखालच्या चार उंचवट्यांची तुलना फक्त आपसांत करावी, कारण ते मुख्यतः चरबीच्या गादीचे बनलेले असतात. शुक्र आणि चंद्र हे स्नायूंचे उंचवटे आहेत; त्यांची तुलना एकमेकांशी करावी. गुरू शुक्रापेक्षा बुटका आहे, या विधानाला काहीच अर्थ नाही. मंगळाची दोन्ही ठाणी समोरून नव्हे, तर कडेने पाहावीत. बुध आणि चंद्र यांच्यामधली कड सरळ उतरते की बाहेर फुगते, हे हात डोळ्यांच्या रेषेत धरला की लगेच दिसते. ज्या गुबगुबीत हातावर सगळेच उंचवटे भरलेले आहेत, त्या हातावर तुलनेने एकही उंच नाही असे समजून सुरुवात करावी आणि मग त्यांतला वरचढ कोणता ते शोधावे. कृश हातावरही हाच नियम लागू होतो. तिथे सगळे सपाट दिसतात, तरी त्यांतला एक बाकीच्यांपेक्षा भरीव असतोच.

या तुलनेत शनी वेगळा काढावा लागतो. सैल ठेवलेला पंजा आडवा पाहिला तर त्याला कमानीसारखा बाक असतो. तर्जनीची आणि विशेषतः करंगळीची बाजू वर येते आणि मध्यमेचे मूळ खाली राहते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक हातावर शनी सपाट दिसतो आणि वाचणारे लगेच ‘गांभीर्य कमी’ असे फळ सांगतात. चारही उंचवट्यांवर पट्टी ठेवून खालची फट पाहण्याचा सल्लाही याच कारणाने निरुपयोगी आहे, कारण शनीखाली फट राहणारच. ती हाडांच्या रचनेची फट आहे. मध्यमेच्या मुळावर अंगठ्याने हलका दाब दिला असता गादी न लागता थेट कठीण भाग लागत असेल आणि तेथील पातळी शेजारच्या दोन बोटांमधल्या दरीपेक्षाही खोल असेल, तरच शनी सपाट म्हणावा. एरवी शनीची मध्यम पातळी म्हणजेच त्याची सर्वसाधारण पातळी. शनी खरोखरच टेकडीसारखा वर आला असेल, तर मात्र ती नोंद ठळकपणे करावी, कारण असा हात क्वचितच दिसतो.

डोळ्यांनी झाल्यावर बोटाने तपासावे. अंगठ्याच्या गादीने उंचवटा दाबावा आणि सोडावा. तो दबून लगेच वर आला तर लवचीक, हळूहळू भरून आला तर मऊ, आणि दबलाच नाही तर तो उंचवटा नसून कडक झालेली कातडी असण्याची शक्यता मोठी. परंपरेत लवचीक उंचवटा म्हणजे त्या ग्रहाचा गुण कृतीत उतरणारा, आणि उंच पण मऊ म्हणजे इच्छा आहे पण जोर नाही, असे मानतात. केवळ उंची मोजून फळ सांगणे मला म्हणूनच अपुरे वाटते. व्यायामानंतर, उकाड्यात किंवा अंगठी घट्ट होईल इतका हात सुजलेला असताना पाहणी करू नये. दुसऱ्या वेळी पाहावे.

दोन्ही हात तपासावेत, आणि इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. ज्या हाताने कामे केली जातात त्याचा शुक्र थोडा अधिक भरलेला असणे स्वाभाविक आहे. पण एकाच हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरून खळगा पडला असेल आणि त्या व्यक्तीला अंगठा, तर्जनी, मध्यमा यांत मुंग्या येत असतील किंवा वस्तू हातातून निसटत असतील, तर तो ‘सपाट शुक्र’ नव्हे. मनगटात मज्जातंतू दाबला गेल्याने तेथील स्नायू झिजू शकतात. अशा व्यक्तीला प्रेमाचा ओलावा कमी आहे वगैरे काहीही न सांगता डॉक्टरांकडे पाठवावे. करंगळीकडची बाजू अशीच उतरली असेल आणि करंगळीत बधिरपणा असेल, तेव्हाही हेच करावे.

शेवटी उंचवटा नेमका कोणाचा, हे ठरवावे. बोटांखालची गादी बोटाच्या बरोबर खाली क्वचितच असते. ती दोन बोटांच्या मधल्या जागेत वर येते, आणि मग रवी की बुध असा वाद सुरू होतो. तो वाद भिंगाने मिटतो. बोटांचे ठसे ज्या बारीक वळ्यांमुळे उमटतात तशाच वळ्या तळव्यावरही असतात, आणि प्रत्येक बोटाच्या मुळाशी साधारणतः एका ठिकाणी तीन दिशांनी आलेल्या वळ्या मिळून इवलासा त्रिकोण तयार होतो. तो त्या उंचवट्याचा माथा. गादी शरीराच्या जाडीप्रमाणे कमीजास्त होते, पण या वळ्या जन्माआधीच घडतात आणि त्यांची रचना आयुष्यभर तशीच राहते, म्हणून नावाचा निर्णय माथ्यावरून करावा, मांसावरून नाही. माथा बोटाच्या मध्यरेषेवर असेल तर ग्रह आपल्या जागी. शेजारच्या बोटाकडे सरकला असेल तर तो शेजाऱ्याकडे झुकलेला. अनामिकेखालचा त्रिकोण काही हातांवर नसतोच; तिथे रवीविषयी ठाम बोलू नये.

एका तरुणाच्या हातावरून हे सगळे एकत्र दाखवतो. त्याला आधी कोणीतरी ‘रवी फार उठावदार, कीर्ती मिळणार’ असे सांगितले होते. वरून पाहता अनामिकेखाली खरोखरच फुगवटा होता. आडव्या प्रकाशात मात्र त्याची सावली बोटाच्या मुळाच्या घडीलगत एकदम तुटली, अंगठ्याने दाबल्यावर तो दबला नाही आणि भिंगाखाली त्यावरच्या वळ्या झिजलेल्या दिसल्या. तो रोज वजने उचलत होता. दोन्ही हातांवर त्याच जागी घट्टे होते. घट्टा सोडून त्याच्या खालचा भाग तपासला तेव्हा रवीची गादी मध्यम निघाली. खरा भराव अनामिका आणि करंगळी यांच्यामध्ये होता, तो दाबल्यावर लगेच वर येत होता, आणि करंगळीखालचा त्रिकोण अनामिकेकडे स्पष्ट सरकलेला होता. गुरू मध्यम, शनी बसका वाटला तरी दाबल्यावर गादी लागत होती, म्हणून तोही साधारण. शुक्र चंद्रापेक्षा भरीव, उजवीकडे अधिक घट्ट.

त्याच्या नोंदीत मी ‘रवी उंच’ असे लिहिले नाही. ‘बुध वरचढ, लवचीक, रवीकडे झुकलेला, शुक्र भरीव, बाकी मध्यम’ एवढेच लिहिले. परंपरेच्या भाषेत याचा अर्थ बोलण्याची आणि व्यवहाराची हुशारी, आणि तिला प्रदर्शनाची, लोकांसमोर येण्याची ओढ, असा होतो. कीर्ती मिळेल की नाही, हे उंचवटा सांगत नाही. तो स्वभावाचा कल दाखवतो असे हे शास्त्र मानते, आणि त्यापुढचे बोलायचे मी टाळले.