पाण्याचा डाग, घडी आणि फाटका कोपरा: जुन्या कौटुंबिक फोटोचे स्कॅन कसे दुरुस्त करावे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि ती तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यातून हळूहळू फोटोपर्यंत पोचते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या काठी असलेल्या घरांत पाणी शिरले, तेव्हा कपाटातले अल्बमही भिजले. त्यामुळे बेळगाव भागातून दुरुस्तीसाठी येणाऱ्या फोटोंवर पिवळट तपकिरी डाग हमखास आढळतो आणि बहुतेक लोक तो ब्रशने पुसत बसतात. त्याची गरज बहुधा नसते.

येथे एकच फोटो उदाहरणादाखल घेतला आहे. तो पोस्टकार्ड आकाराचा, कृष्णधवल, अंगणात काढलेला लग्नाचा ग्रुप फोटो आहे. खाली डावीकडे बसलेल्या बाईंच्या नऊवारीवर पाण्याचा डाग पसरला आहे, मधोमध उभी घडी पडून तिची रेष मागे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या कोटावरून गेली आहे, आणि उजवा खालचा कोपरा फाटून सुटा झाला आहे. तुकडा घरच्यांनी जपून ठेवला असला, तरी त्याचे टोक हरवले आहे. काम गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केले आहे.

स्कॅन करताना फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅनर रंगीत मोडवरच ठेवावा. पुढची डागाची सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय पुरेसे होते. फाइल टिफमध्ये साठवावी आणि स्कॅनरची आपोआप धूळ काढणारी किंवा रंग सुधारणारी सोय बंद ठेवावी, कारण ती कपड्यांचे बारीक पोत धूळ समजून खाऊन टाकते. सुटा तुकडा सेलोटेपने चिकटवू नये. तो काचेवर मूळ फोटोपासून थोड्या अंतरावर, शक्य तितका सरळ ठेवावा. फोटो तसबिरीच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकटच स्कॅन करावा. ओढल्यास चित्राचा थर काचेवरच राहतो.

घडी असलेल्या फोटोचे दोन स्कॅन घ्यावेत, दुसरा फोटो १८० अंशांत फिरवून. स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने तिरका येत असल्यामुळे घडीचा उंचवटा एका स्कॅनमध्ये सावली टाकतो, तर दुसऱ्यात तीच बाजू उजळते. दुसरा स्कॅन `Open as Layers` ने पहिल्यावर नवा थर म्हणून आणून सरळ फिरवावा, त्याचा मोड `Difference` करावा आणि चित्र जवळजवळ काळे दिसेपर्यंत तो सरकवावा. काळे झाले म्हणजे दोन्ही थर जुळले. मग मोड पुन्हा `Normal` करून `Opacity` ५० वर आणावी. उंचवट्याची सावली बरीचशी निघून जाते आणि जिथे चित्राचा थर खरोखर उडाला आहे तेवढीच पांढरी रेष उरते. सुटा तुकडा दुसऱ्या स्कॅनमध्ये हलला असेल तर त्याच्यापुरता पहिलाच स्कॅन वापरावा. जुळणी झाल्यावर दोन्ही थर एकत्र करावेत.

आता डाग. पिवळट तपकिरी रंग निळा प्रकाश शोषून घेतो, पण लाल प्रकाश बराचसा परत पाठवतो. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा मिळून बनतो, म्हणून त्याच्या निळ्या चॅनेलमध्ये हा डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये अगदी फिका होतो. थराची प्रत काढून त्यावर `Colors > Components > Extract Component` उघडावे आणि `RGB Red` निवडावे. आपल्या उदाहरणात एवढ्यानेच नऊवारीचे काठ आणि निऱ्या डागाखालून पुन्हा दिसू लागल्या, आणि एकाही ठिकाणी ब्रश टेकवावा लागला नाही. जुन्या फोटोची तपकिरी छटा हवी असेल तर ती शेवटी संपूर्ण चित्राला एकसारखी द्यावी. मात्र ही युक्ती कृष्णधवल फोटोपुरतीच आहे. रंगीत फोटोत डागाबरोबर साड्यांचे रंगही जातील.

लाल चॅनेलमध्येही डागाची कड बहुधा उरते. पाणी सुकताना आपल्याबरोबरचा मळ काठाकडे वाहून नेते आणि तिथेच सोडते, म्हणून कड मधल्या भागापेक्षा गडद असते. थराची आणखी एक प्रत काढून `Curves` ने ती कड आजूबाजूइतकी उजळ दिसेपर्यंत उजळावी, तिला काळा लेयर मास्क, म्हणजे ती प्रत झाकून ठेवणारा पडदा, द्यावा आणि मऊ, कमी `Opacity` च्या पांढऱ्या ब्रशने मास्कवर फक्त कडेवरून हात फिरवावा. असे केल्याने कडेखालचे खरे चित्र शाबूत राहते. क्लोन केले असते तर ते झाकले गेले असते. चित्राचा थरच सोलून निघाला असेल, तर तिथे कोणत्याही चॅनेलमध्ये काही सापडणार नाही.

डागाच्या आधी फाटलेल्या कडा सांधू नयेत. अर्ध्या डागाळलेल्या भागातून घेतलेले ठिगळ नंतर वेगळे उठून दिसते. तुकडा `Free Select` ने निवडून, कापून, नव्या थरावर चिकटवावा आणि `Rotate` व `Move` ने जागेवर बसवावा. फोटोचा कागद फाटताना तिरका फाटतो: एका बाजूला आतला पांढरा कागद उघडा पडतो आणि दुसऱ्या बाजूला चित्राचा थर थोडा पुढे आलेला असतो. ज्या बाजूचे चित्र पुढे आलेले आहे तो थर वर ठेवला, की पांढरी रेष आपोआप झाकली जाते आणि हाताने भरायला फारच थोडे उरते.

घडीची उरलेली रेष भरताना `Heal` आणि `Clone` यांतली निवड जागेवर ठरते. मागची भिंत, अंगणातली माती किंवा कोटाचा सपाट भाग यांवर `Heal` उत्तम चालते. पण रेष गडद कोटातून पांढऱ्या भिंतीत शिरते तिथे `Heal` दोन्हीकडचे रंग कालवते आणि खांद्याच्या कडेला राखाडी डाग उमटतो. अशा जागी थोडा कडक ब्रश घेऊन `Clone` वापरावे. ब्रश रेषेपेक्षा किंचितच रुंद असावा. नमुना `Ctrl` दाबून घ्यावा आणि तो कोटाच्या कडेवरूनच, थोडा वर किंवा खाली जाऊन घ्यावा, म्हणजे खांद्याची ओळ तुटत नाही. नमुन्याची जागा वरचेवर बदलावी, नाहीतर भिंतीवरचा एकच ठिपका ओळीने पाच वेळा उमटतो. तपासण्यासाठी चित्र आडवे उलटवावे आणि `Curves` ने तात्पुरता कॉन्ट्रास्ट वाढवावा. परिचित चेहऱ्यांवरून नजर हटली की ठिगळे लगेच दिसतात.

हरवलेल्या टोकात अंगणाची माती असेल तर शेजारच्या मातीतून ती भरण्यास हरकत नाही. आपल्या फोटोत मात्र त्याच कोपऱ्यावर स्टुडिओचा उठावदार शिक्का होता आणि त्यातली शेवटची अक्षरे टोकाबरोबर गेली होती. शिक्का मराठीत होता, पण म्हणून पुढची अक्षरे अंदाजाने काढू नयेत. बेळगावात पाट्या आणि शिक्के मराठी, कन्नड, इंग्रजी अशा कोणत्याही लिपीत असू शकतात, आणि चुकीचे नाव पुढच्या पिढीला पुरावा म्हणून मिळेल. तिथे फक्त कागदाची छटा भरावी. चेहऱ्याच्या बाबतीतही हेच: डोळा किंवा ओठ गेलेला असेल तर दुसऱ्या माणसाचा आणून बसवू नये, त्यापेक्षा हलकी रेष राहिलेली बरी.

शेवटी सगळे थर असलेली फाइल `.xcf` मध्ये आणि छपाईसाठीची प्रत टिफमध्ये साठवावी. मूळ स्कॅन हात न लावता वेगळा ठेवावा आणि त्याच फोल्डरमध्ये फोटोच्या मागच्या बाजूचाही स्कॅन असावा, कारण गावाचे नाव, लग्नाची तिथी किंवा नाती बहुधा तिथेच शाईने लिहिलेली असतात आणि ओल लागली की आधी तीच विरघळते.