कंटेंट ते ईमेल फनेल: टप्प्यांच्या मोजमापातील या चुका टाळा

डिजिटल मार्केटिंगच्या अभ्यासक्रमात फनेलचा, म्हणजे वाचक ग्राहक होईपर्यंतच्या टप्प्यांचा, आराखडा मागितला की बहुतेक विद्यार्थी वर ‘ओळख’, मध्ये ‘विचार’ आणि तळाशी ‘खरेदी’ असे टप्पे आखतात आणि प्रत्येकासमोर पेज व्ह्यू, ओपन रेट, विक्री अशी मोजमापे लिहून मोकळे होतात. आराखडा दिसायला नेटका असतो, पण त्यातला एखादा आकडा घसरला तर नेमके काय दुरुस्त करायचे, हे त्यावरून सांगता येत नाही. त्या टप्प्यावर किती माणसे आहेत एवढेच तो सांगतो. त्यांपैकी किती जण पुढच्या टप्प्यावर गेले आणि किती दिवसांत गेले, हे त्यात कुठेच नसते. प्रमाण काढताना छेदस्थानी कोणाला धरायचे, हे आधी ठरवले तर पुढील बहुतेक चुका आराखडा कागदावर असतानाच लक्षात येतात.

हिशेबासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील एका कल्पित हापूस बागायतदाराचे उदाहरण घेऊ. तो फेब्रुवारीपासून संकेतस्थळावर आंब्याविषयी लेख टाकतो, लेखाच्या शेवटी ‘पेटी घरी आल्यावर आढी कशी लावावी’ ही छोटी पुस्तिका ईमेल पत्त्याच्या बदल्यात देतो, पत्ता खरा असल्याची खात्री डबल ऑप्ट-इनने, म्हणजे त्या पत्त्यावर ईमेल पाठवून त्यातील बटण दाबायला सांगून, करून घेतो आणि मग चार ईमेलची स्वागत मालिका पाठवून पेटीची आगाऊ नोंदणी मागतो. हंगामाअखेर त्याच्याकडे असे आकडे आहेत: 20,000 वाचक, 600 जणांनी फॉर्म भरला, 420 जणांनी पत्त्याची खात्री केली आणि 14 पेट्यांची मागणी आली, प्रत्येक ग्राहकाकडून एक.

सर्व लेखांची एकच सरासरी काढणे

20,000 वाचकांपैकी 600 म्हणजे 3 टक्के लोकांनी पत्ता दिला. हा आकडा बरा की वाईट, यावर वाद घालण्याआधी तो लेखवार फोडून पाहिला पाहिजे. समजा, ‘आंबा खाल्ल्याने वजन वाढते का’ या लेखाने शोधयंत्रातून 14,000 वाचक आणले, पण त्यातून केवळ 70 पत्ते आले, म्हणजे अर्धा टक्का. उलट, अस्सल हापूस कसा ओळखावा आणि आढी कशी लावावी या दोन लेखांनी मिळून 6,000 वाचक आणले आणि 530 पत्ते दिले. हे प्रमाण जवळजवळ 9 टक्के होते. 3 टक्क्यांची सरासरी या दोहोंपैकी कोणत्याच लेखाचे वर्णन करत नाही.

केवळ पेज व्ह्यूवर नजर ठेवणारा माणूस इथे हमखास चुकीचा निर्णय घेतो आणि पुढच्या महिन्यात वजनाविषयीचे आणखी चार लेख लिहून घेतो. वजनाचा लेख वाचणाऱ्याला प्रश्नाचे उत्तर हवे असते, पेटी नको असते. ज्याला आढीची माहिती हवी आहे, त्याने पेटी घेतलेली असते किंवा तो घेणार असतो. म्हणून वरच्या टप्प्यासाठी दोन मोजमापे पुरेशी आहेत: प्रत्येक लेखाचे वाचक आणि त्या लेखातून दर शंभर वाचकांमागे आलेले पत्ते. वजनाचा लेख काढून टाकण्याची गरज नाही, पण त्याच्या शेवटी पुस्तिकेऐवजी ‘अस्सल हापूस कसा ओळखावा’ या लेखाचा दुवा देऊन पाहावा आणि मग त्या दुव्यावरचे क्लिक हेच त्याचे मोजमाप धरावे.

फॉर्म भरला म्हणजे ग्राहक यादीत आला, असे धरणे

फॉर्म भरणाऱ्या 600 पैकी 180 जणांनी पत्त्याची खात्री केलीच नाही. ही गळती आराखड्यात दिसावी म्हणून ‘फॉर्म भरला’ आणि ‘पत्ता निश्चित झाला’ असे दोन वेगळे टप्पे ठेवावे लागतात; ते एकत्र केले की तीस टक्के माणसे कुठे गेली, हे कधीच कळत नाही.

कारण शोधण्याचा क्रम सोपा आहे. प्रथम स्वतः वेगवेगळ्या सेवांवरील पत्त्यांनी फॉर्म भरून पाहावा. बऱ्याचदा असे आढळते की फॉर्मनंतर फक्त ‘धन्यवाद’ एवढेच उमटते आणि इनबॉक्समध्ये आलेल्या ईमेलमधील बटण दाबायचे आहे, हे कोणी सांगतच नाही. किंवा ईमेल सॉफ्टवेअरचा मूळचा इंग्रजी विषय तसाच राहिलेला असतो आणि मराठी लेख वाचून आलेल्या माणसाला तो अनोळखी वाटतो. ईमेल स्पॅममध्ये जात असेल तर जीमेलमध्ये तो उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतील `Show original` दाबावे. तिथे वरच्या तक्त्यात `SPF`, `DKIM` आणि `DMARC` या, ईमेल खरोखर त्याच डोमेनकडून आला का हे तपासणाऱ्या, तीन ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे `PASS` असायला हवे. एखादी ओळ गायब असेल किंवा `FAIL` दिसत असेल, तर दोष मजकुरात नसून डोमेनच्या मांडणीत आहे आणि विषयओळ कितीही सुधारली तरी उपयोग होणार नाही.

इथेच एक फार प्रचलित चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ छोटे व्यावसायिक पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून स्वतःचा `@gmail.com` पत्ता देतात आणि ईमेल मात्र दुसऱ्याच सेवेतून पाठवतात. अशा ईमेलची ओळख जुळत नाही आणि तो अडवला जाण्याची शक्यता वाढते. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घेणे हाच यावरचा उपाय आहे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना वरील तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत, तसेच प्रसिद्धीच्या ईमेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोयही मागितली आहे. जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला 5,000 ईमेलची आहे. आपला बागायतदार त्यात येत नाही, पण स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली राखण्याची गूगलची अपेक्षा लहान यादीलाही लागू पडते.

ओपन रेटला मधल्या टप्प्याचे मोजमाप मानणे

ईमेल उघडल्याची नोंद त्यातील एका अदृश्य चित्रामुळे होते: चित्र उतरवले गेले की ईमेल उघडला, असे सॉफ्टवेअर समजते. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलने आयओएस 15 बरोबर आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे ॲपलच्या मेल ॲपमध्ये ही चित्रे वाचकाने ईमेल उघडण्यापूर्वीच उतरवली जाऊ शकतात. परिणामी यादीत आयफोनधारक जितके अधिक, तितका ओपन रेट फुगलेला दिसतो. तो पूर्णपणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. एकाच यादीचा ओपन रेट एका आठवड्यात अचानक अर्ध्यावर आला, तर ईमेल पोचण्यात काही बिघाड झाला असावा, एवढी सूचना तो नक्की देतो. पण ‘ज्यांनी उघडला नाही त्यांनाच पुन्हा पाठवा’ अशी स्वयंचलित पायरी त्यावर उभारू नये.

मधल्या टप्प्यासाठी पोचलेल्या ईमेलच्या तुलनेत किती वेगळ्या माणसांनी क्लिक केले, हे प्रमाण घ्यावे. तेही डोळे झाकून घेऊ नये, कारण काही कार्यालयांतील सुरक्षा यंत्रणा ईमेलमधील सर्व दुवे स्वतःच तपासतात. ईमेल पोचल्यानंतर काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून सगळ्या दुव्यांवर क्लिक झालेले दिसले, तर ते माणसाचे नाहीत, असे समजून वगळावेत.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणे

ही चूक सर्वांत महागडी आहे आणि आराखड्यात सर्वांत कमी दिसते. 420 पैकी 14 म्हणजे 3.3 टक्के लोकांनी पेटी घेतली, म्हणून ‘स्वागत मालिका कमकुवत आहे, मजकूर बदला’ असा निष्कर्ष सहज निघतो. आता हीच यादी नोंदणीच्या महिन्यानुसार फोडू. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या 140 जणांकडून 11 पेट्यांची मागणी आली, म्हणजे जवळपास 8 टक्के. एप्रिल-मेमध्ये आलेल्या 280 जणांकडून फक्त 3, म्हणजे एक टक्क्याच्या थोडे वर. मजकूर दोन्ही गटांना एकच गेला होता.

फरक वेळापत्रकाचा आहे. मालिकेतील ईमेल नोंदणीच्या दिवशी, चौथ्या, नवव्या आणि चौदाव्या दिवशी जातात, आणि पेटीच्या नोंदणीचा दुवा चौथ्या ईमेलमध्ये आहे. 10 मे रोजी आलेल्या वाचकाला तो 24 मे रोजी मिळतो, तेव्हा कोकणातला हापूस संपत आलेला असतो. दुरुस्ती मजकुरात नसून अटीत आहे: एप्रिलच्या मध्यानंतर येणाऱ्याला नोंदणीचा दुवा पहिल्याच ईमेलमध्ये द्यावा, आणि 10 मेनंतर येणाऱ्याला ही मालिका पाठवूच नये, तर पुढच्या वर्षीच्या प्रतीक्षा यादीत घेऊन पावसाळ्यात आंबापोळी आणि कोकम विकावे. त्यानंतर दोन्ही गटांचा हिशेबही वेगवेगळाच ठेवावा.

विक्री कुठून आली, हे शेवटी आठवणे

ईमेलमधील दुव्यांना खूण नसेल तर गूगल ॲनालिटिक्समध्ये त्यातील बरीच भेट `Direct` या नावाखाली जमा होते आणि ईमेलचे श्रेय नाहीसे होते. खूण अशी असते:

```
https://example.com/peti?utm_source=swagat&utm_medium=email&utm_campaign=hapus
```

एका ठिकाणी `email` आणि दुसऱ्या ठिकाणी `Email` लिहिले तर अहवालात दोन वेगळ्या ओळी पडतात, म्हणून सर्व अक्षरे लहान लिपीत ठेवावीत. अशा खुणा स्वतःच्या संकेतस्थळातील एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या दुव्यांना मात्र लावू नयेत, अन्यथा बाहेरून आलेल्या वाचकाचा मूळ स्रोत झाकला जातो.

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. ईमेल वाचून माणूस फॉर्म न भरता सरळ व्हॉट्सॲपवर ‘पेटी आहे का?’ असे विचारतो, आणि ती विक्री फनेलमध्ये नोंदलीच जात नाही. यावर ईमेलमध्ये आधीच लिहिलेल्या संदेशाचा दुवा द्यावा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Peti%20havi%20E4
```

ग्राहकाने दाबले की ‘E4’ ही चौथ्या ईमेलची खूण असलेला संदेश तयार होतो, आणि वहीत मागणी उतरवताना ती खूणही उतरवता येते. ग्राहकाने खूण पुसली तर हिशेबात तेवढी चूक राहते, पण सगळे आकडे हरवण्यापेक्षा ती परवडते.

पुन्हा खरेदीसाठी तीस दिवसांचा हिशेब

काही सॉफ्टवेअरच्या तयार अहवालांत पुन्हा खरेदी तीस किंवा नव्वद दिवसांच्या खिडकीत मोजली जाते. हापूसच्या बाबतीत ती खिडकी निरर्थक आहे. या वर्षीच्या 14 ग्राहकांपैकी किती जणांनी पुढच्या मार्चअखेरपर्यंत नोंदणी केली, हेच इथले मोजमाप. तोपर्यंत यादी थंड पडते, म्हणून जानेवारीत एकच ईमेल पाठवून ‘यंदाही कळवू का?’ असे विचारावे. ज्यांनी वर्षभरात एकदाही क्लिक केले नाही आणि या ईमेललाही प्रतिसाद दिला नाही, त्यांना वगळावे. अशा वेळी यादी 420 वरून 250 वर आली तरी घाबरू नये, मात्र त्या हंगामापासूनचे सर्व प्रमाण नव्या छेदावर काढावे आणि आधीच्या वर्षाशी तुलना करताना अहवालात तसे लिहावे.