‘मराठी, हिंदी, इंग्रजी आवश्यक’: रिझ्युमेत भाषा लिहिताना या चुका टाळा

कस्टमर केअर, फायनान्स कंपनीची शाखा, रुग्णालयाचं रिसेप्शन, सामाजिक संस्थेतलं समन्वयकाचं काम. महाराष्ट्रातल्या अशा जाहिरातींमध्ये तिन्ही भाषांवर प्रभुत्व हवं, ही अट अनेकदा दिसते. आणि रिझ्युमेत मात्र अगदी तळाशी, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थितीच्या शेजारी एकच ओळ असते: ‘भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी’. मराठी माध्यमातला असो की कॉन्व्हेंटमधला, दोघांची ओळ सारखीच. त्यातून निवडणाऱ्याला काय कळणार?

आपली गाडी कुठे अडते ते आधी पाहा. अनुभव जुळत असूनही फोनच येत नसेल, तर त्या ओळीतून काहीच दिसत नाही, हे एक कारण असू शकतं. फोन येतो, पण समोरचा इंग्रजीत बोलू लागला की दोन मिनिटांत ‘कळवतो’ म्हणून ठेवतो. तिथे दावा जास्त झालाय. मुलाखत छान होऊन लेखी चाचणीत नाव गळत असेल, तर बरेचदा दोष मराठीचा असतो. मातृभाषा म्हणून तिची तयारीच झालेली नसते.

जाहिरातीतलं काम न वाचता भाषा लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक. भाषेची अट एका ओळीत असते, पण त्या भाषेत नेमकं काय करायचंय ते खाली कामांच्या यादीत असतं. समजा, पुण्यातल्या एका गृहकर्ज कंपनीची जाहिरात आहे: ग्राहकांचे फोन घेणे, तक्रारींना ईमेलने उत्तर देणे, कर्जदारांना मराठीत पत्रं पाठवणे. अर्ज करणारी मुलगी नाशिकच्या पतसंस्थेत दोन वर्षं काउंटरवर होती. तिच्या रिझ्युमेत तीच तीन शब्दांची ओळ. प्रत्यक्षात ती सभासदांना थकबाकीच्या नोटिसा स्वतः लिहायची, औद्योगिक वसाहतीतल्या परप्रांतीय कामगारांशी हिंदीत बोलायची, इंग्रजी ईमेल वाचून छोटी उत्तरं द्यायची. इंग्रजीत लांब बोलताना मात्र अडखळते.

रिझ्युमे इंग्रजीत असला तरी तिच्या ओळींचा आशय असा हवा:

- मराठी: मातृभाषा. थकबाकीच्या नोटिसा आणि सभेच्या सूचनांचं लेखन, युनिकोडमध्ये टायपिंग.
- हिंदी: काउंटरवर ग्राहकांशी रोजचं बोलणं, वाचन सहज.
- इंग्रजी: ईमेल वाचणं आणि नेहमीची उत्तरं लिहिणं चांगलं, बोलणं कामापुरतं.

शेवटचे दोन शब्द लिहायला धीर लागतो, हे मान्य. पण ते वाचून बोलावणारा माणूस तिला इंग्रजी कॉलसाठी नाही, पत्रव्यवहारासाठी बघेल, आणि तिथे ती टिकेल. फक्त इंग्रजी कॉलचंच काम असेल तिथे तिला बोलावणार नाहीत; पण तिथे खोटा दावाही फोनवरच उघडा पडला असता. याहून चांगलं म्हणजे नोटिसांचं काम वर अनुभवाच्या भागातही लिहावं, कारण नजर आधी तिथे जाते.

तारे आणि टक्केवारी

तयार टेम्प्लेटमध्ये इंग्रजीपुढे पाचपैकी चार तारे किंवा ८० टक्के भरलेली पट्टी असते. ८० टक्के कशाचे, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय रिझ्युमे छाननीच्या सॉफ्टवेअरमधून गेला तर चित्रातली पट्टी वाचलीच जात नाही. शब्दांत लिहा.

मराठीचा पुरावा न देणं

टायपिंगचं शासकीय प्रमाणपत्र असेल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट असा वेग लिहा. नुसतं ‘टायपिंग येतं’ पुरत नाही. शाळेत मराठी हा विषय म्हणून शिकलात तर दहावी-बारावीच्या ओळीत तसं नमूद करा. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत स्थानिक भाषा दहावी किंवा बारावीला शिकल्याची गुणपत्रिका दाखवली की भाषेची चाचणी द्यावी लागत नाही. खासगी कंपनीत असा नियम नसेलही, पण बाहेरच्या बोर्डात शिकलेल्या उमेदवारासाठी ही ओळ फार कामाची आहे.

लेखनाचा नमुना जोडणार असाल तर जुन्या कंपनीचं पत्र जसंच्या तसं जोडू नका. ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, रक्कम काढून तोच मजकूर नव्याने लिहा. तो युनिकोडमध्येच हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी निरर्थक अक्षरं दिसतात. पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा.