स्पेनमध्ये कपडे घेताना: घालून पाहणं, साइझ, रंग आणि परत करणं

माद्रिदमध्ये राहायला गेल्यावर पहिल्यांदा कपडे घ्यायला दुकानात गेले, तेव्हा माझ्याकडे पाठ केलेली पाच-सहा वाक्यं होती. त्यातली निम्मी चुकली. नंतर एक गोष्ट लक्षात आली: कपड्यांच्या दुकानातलं स्पॅनिश मराठी माणसाला इंग्रजीमार्गे अवघड जातं, थेट मराठीतून मात्र सोपं वाटतं. म्हणून इथे त्याच वाटेने सांगते.

आत शिरताना आधी 'ओला, बुएनास' म्हणा. छोट्या दुकानात न बोलता कपडे चाळायला लागणं तिथे बरं दिसत नाही. दुकानातल्या बाई मदतीला आल्या आणि तुम्हाला नुसतं बघायचं असेल, तर 'सोलो एस्तोय मिरांदो, ग्राथ्यास' एवढं पुरतं. बोलताना 'तुम्ही'चं रूप धरा, म्हणजे 'त्येने' (तुमच्याकडे आहे का). तरुण विक्रेते तुम्हाला अरे-तुरे करतील. त्यात अपमान काही नाही, तिथली रीतच तशी आहे.

घालून पाहायचं असेल तर

शर्ट हातात घेऊन विचारायचं, 'मे ला प्वेदो प्रोबार?' पँट असेल तर 'मे लो प्वेदो प्रोबार?' फरक फक्त 'ला' आणि 'लो'चा, मराठीतल्या 'ती घालून पाहू का' आणि 'तो घालून पाहू का' यासारखाच. गंमत अशी, की आपल्याकडे शर्ट 'तो' आणि पँट 'ती'. स्पॅनिशमध्ये शर्ट म्हणजे 'कामीसा', ती स्त्रीलिंगी. आणि पँट म्हणजे 'पांतालोन', तो पुल्लिंगी. बरोब्बर उलटं. त्यामुळे मराठी डोक्याने बोललात की या दोन्ही वस्तूंना चूक होणारच. मी एक युक्ती धरली होती: 'कामीसा' शब्दाच्या शेवटी 'आ' ऐकू येतो, म्हणून 'ला'. बूट अनेकवचनी आहेत, तिथे 'लोस': 'मे लोस प्वेदो प्रोबार?'

ट्रायल रूमला 'प्रोबादोर' म्हणतात. मोठ्या दुकानात तिच्या दाराशी कुणीतरी उभं असतं आणि विचारतं, 'क्वांतास प्रेंदास?', म्हणजे किती कपडे नेताय. आकडा सांगायचा, नंबरचा बिल्ला मिळतो, बाहेर येताना तो परत द्यायचा.

साइझ: 'मला होतो' म्हणजे 'मे केदा'

इथे मराठी खरी कामी येते. आपण 'हा शर्ट मला मोठा होतोय' म्हणतो. कर्ता शर्ट, मी नव्हे. स्पॅनिशची बांधणी अगदी हीच: 'मे केदा ग्रांदे', मला मोठा होतो. 'मे केदा पेकेन्यो' म्हणजे लहान होतो, 'मे केदा ब्येन' म्हणजे छान बसतो. शर्टाबद्दल बोलत असाल तर 'पेकेन्या', कारण कामीसा स्त्रीलिंगी. 'ग्रांदे' मात्र दोन्हीकडे तसाच राहतो. घट्ट होत असेल तर 'एस्त्रेचो', सैल असेल तर 'आंचो'. आणि 'लार्गो' ऐकून लार्ज समजू नका. लार्गो म्हणजे लांब. बाही किंवा पँटचा पाय लांब असेल तेव्हाचा शब्द.

कपड्यांच्या साइझला 'ताया' म्हणतात आणि बुटांच्या साइझला 'नूमेरो'. एस, एम, एल ही अक्षरं 'एसे, एमे, एले' अशी वाचतात. पुरुषांच्या पँटवर मात्र तुम्हाला 42, 44 असे आकडे दिसतील. साधारणपणे कमरेच्या इंचात 10 मिळवले की तिथला आकडा येतो, म्हणजे आपल्या 32 कमरेला 42. हा अंदाज आहे, म्हणून घालून पाहाच.

समजा तुम्ही पांढरा शर्ट घालून पाहिला आणि खांद्याला ओढतोय. बाहेर येऊन म्हणा, 'मे केदा एस्त्रेचा. ला त्येने एन ऊना ताया मास ग्रांदे?' (मला घट्ट होतोय. याचा एक साइझ मोठा आहे का?) आता बाई आत जाऊन येतात आणि म्हणतात, 'नो मे केदा.' मी पहिल्यांदा गोंधळून त्यांच्याकडे बघतच राहिले. ह्यांना काय होत नाही? पण दुकानदाराच्या तोंडी 'केदा' म्हणजे 'शिल्लक आहे'. 'नो मे केदा' म्हणजे माझ्याकडे उरलेला नाही. शब्द तोच, बोलणारा कोण यावरून अर्थ बदलतो.

रंग विचारताना

सोपी वाट अशी, की रंगाआधी 'एन' लावायचं: 'ला त्येने एन रोखो?', हा लाल रंगात आहे का? या वाक्यात रंगाचं रूप कधीच बदलत नाही, शर्ट असो की पँट. लिंगाची कटकट तेव्हाच येते, जेव्हा तुम्ही बोट दाखवून 'तो लाल' म्हणता. तिथे रोखोचा 'रोखा' होतो ('ला रोखा'), पण निळा म्हणजे 'आथूल' आणि हिरवा म्हणजे 'बेर्दे' तसेच राहतात. मराठीत लाल बदलत नाही आणि निळा-निळी बदलतो; तिथे नेमकं उलट. गडद निळ्यासाठी 'आथूल मारीनो' म्हणा.

परत करण्याचं पैसे देण्याआधीच विचारा

घ्यायचं ठरलं की 'मे ला येबो' (हा घेते) म्हणायचं, पण कार्ड पुढे करण्याआधी एक प्रश्न: 'सी नो मे केदा ब्येन, देबुएल्बेन एल दिनेरो ओ दान उन बाले?' नीट बसला नाही तर पैसे परत देता की त्याच दुकानात खर्च करायची पावती, म्हणजे बाले, देता?

कारण असं, की स्पेनमध्ये दुकानातून घेतलेला, काहीही दोष नसलेला कपडा परत घ्यायला दुकान कायद्याने बांधील नाही. ते घेतात ते स्वतःच्या धोरणानुसार, आणि मुदतही तेच ठरवतात. ऑनलाइन खरेदीला 14 दिवसांचा हक्क आहे, तो दुकानातल्या खरेदीला लागू नाही. कपडा सदोष निघाला तर गोष्ट वेगळी: 1 जानेवारी 2022 पासून घेतलेल्या नव्या वस्तूंना 3 वर्षांची कायदेशीर हमी आहे, सेलमध्ये घेतल्या असल्या तरी.

एका छोट्या दुकानात मी एक कोट परत करायला नेला. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, 'ले दामोस उन बाले.' स्पेनमध्ये दर दुसऱ्या वाक्याला 'बाले' म्हणतात, त्याचा अर्थ 'ठीक आहे'. मी हसून मान हलवली आणि हातात पैशांऐवजी चिठ्ठी आली. 'उन बाले' म्हणजे त्याच दुकानात खर्च करायची पावती. 'उन' ऐकू आला की कान टवकारा.

बिलाला 'तिकेत' म्हणतात. ते आणि कपड्यावरचं लेबल, म्हणजे 'एतिकेता', दोन्ही जपा. कुणासाठी भेट घेत असाल तर 'तिकेत रेगालो' मागा. त्यावर किंमत नसते, पण घेणाऱ्याला साइझ बदलून घेता येतो. आणि 'रेबाखास', म्हणजे सेल, चालू असेल तर मुदत वेगळी आहे का हेही विचारा: 'क्वांतोस दीआस तेंगो पारा देबोल्बेर?', परत करायला किती दिवस आहेत? उत्तर येईल ते तिथेच बिलाच्या मागे लिहून घ्या.