कणकेचा केक मऊ झाला तो असा

मैद्याच्या मापाने केलेला कणकेचा केक कोरडा व्हायचा, कापताना भुगा पडायचा. कोंडा पाणी जास्त शोषतो, पण सावकाश. म्हणून दीड वाटी कणकेला एक वाटी दही होतं, त्यात पाव वाटी दूध वाढवलं. लोण्याऐवजी अर्धी वाटी तेल घेतलं. लोणी गार झालं की थिजतं आणि केक घट्ट लागतो.

पाऊण वाटी साखरेसह सगळं कालवून २० मिनिटं झाकून ठेवलं. अर्धा चमचा सोडा आणि चमचाभर बेकिंग पावडर मात्र शेवटी, चाळणीतून. दह्यात सोडा लगेच फसफसतो, आधी घातला तर मुरेपर्यंत जोर संपतो. मुरलेलं मिश्रण चमच्यावरून सलग पडायला हवं. गोळा पडला तर आणखी थोडं दूध. मग १८० अंशांवर साधारण ३५ मिनिटं. मैद्याइतका हलका होत नाही, पण दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.